फोटोतल्या उर्दू-अरबीचा अनुवाद: आधी क्रम लावा, मग अर्थ काढा

भिवंडीत एका डीटीपीच्या दुकानात मी काही वर्षं काम केलं. तिथे उर्दू लग्नपत्रिका, शाळांच्या नोटिसा, मदरशांची पावतीपुस्तकं असं सगळं यायचं. शेजारच्या टेबलावर एक वयस्कर चाचा बसायचे, आधी हाताने किताबत करायचे म्हणजे सुलेखन, नंतर कॉम्प्युटरवर आले. उर्दू वाचायला मी त्यांच्याकडूनच शिकले आणि आता नात्यागोत्यातली, ओळखीतली माणसं आखातातून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतात, "जरा वाचून सांग ना ताई". फोटो बघून मी जे सांगते आणि त्यांच्या फोनमधलं अनुवादाचं अ‍ॅप जे सांगतं त्यात फरक पडतो, आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा अ‍ॅपने शब्द बरोबर ओळखलेले असतात, चुकलेला असतो तो क्रम.

माझ्या मामेभावाचं उदाहरण सांगते. तो कुवेतला असतो. बिल्डिंगच्या दारावर नोटीस लागली, त्याने कॅमेरा धरला, अ‍ॅप म्हणालं रविवारी पाणी बंद, वेळ २ ते ८. याने विचार केला दुपारी जाणार आहे, सकाळी आरामात आंघोळ करून कामावर जाऊ. सकाळी साबण लावला आणि नळ कोरडा. नंतर मला फोटो पाठवला तेव्हा कळलं की नोटिशीवर डावीकडे २, मध्ये रेघ, उजवीकडे ८ असं होतं. अरबी उजवीकडून वाचतात, म्हणजे ८ ते २, सकाळी आठ ते दुपारी दोन. अ‍ॅपने दोन्ही आकडे बरोबर वाचले होते, फक्त आपल्यासारखे डावीकडून वाचले.

त्यामुळे खाली जे लिहितेय ते लिपी शिकवायला नाहीये. अक्षर न येणाऱ्या माणसालाही फोटोतला क्रम नीट लावता येतो, त्याच्या खुणा असतात, त्या बघायची सवय लागायला हवी इतकंच.

फोटो काढतानाच अर्धं काम

दोन फोटो काढायचे. पहिला लांबून, अख्खा बोर्ड किंवा अख्खा कागद चारी कडांसकट, कारण नंतर तुकडे करून अनुवाद करताना कुठला तुकडा उजवीकडे होता ते विसरायला होतं आणि तेच तर सगळ्यात महत्त्वाचं आहे. दुसरा जवळून, मजकुराचा. कागद तिरका असेल तर सरळ करून काढा, कारण उर्दूची ओळ मुळातच तिरकी असते, त्यात फोटो तिरका आला की यंत्राला ओळ कुठली आणि उतार कुठला तेच कळत नाही.

उर्दू छपाई बहुतेक नस्तालीक शैलीत असते. त्यात शब्द सरळ रेषेवर बसत नाही, उजवीकडे वर सुरू होतो आणि डावीकडे खाली उतरत येतो, घसरगुंडीसारखा. अरबी बोर्डावर, पेपरात, औषधाच्या डबीवर मात्र साधारणपणे नस्ख किंवा त्यावरून केलेले सरळसोट फॉन्ट असतात, ओळ सपाट दिसते. हा फरक कॅमेऱ्यासाठी फार मोठा आहे. नस्तालीकमध्ये एका शब्दाचा शेपटा खाली लोंबतो, पुढच्या शब्दाचं डोकं त्याच्यावर येऊन बसतं, आणि यंत्राला वाटतं या दोन वेगळ्या ओळी आहेत. म्हणून क्रॉप करताना वर-खाली थोडी जास्त जागा सोडा. अक्षराला चिकटून क्रॉप केलं तर नुक्ते म्हणजे अक्षरांचे ठिपके कापले जातात, आणि शब्दाच्या मधल्या "त"चा एक नुक्ता गेला की त्याचा "न" होतो.

सेल्फी कॅमेऱ्याने काढलेला फोटो असेल तर वेगळीच भानगड. काही फोन तो आरशातल्यासारखा उलटा साठवतात. मराठी किंवा इंग्रजी उलटं झालेलं आपल्याला एका झटक्यात कळतं, अरबी उलटं झालेलं ज्याला वाचता येत नाही त्याला अजिबात कळत नाही, दोन्ही सारखंच वळणदार दिसतं.

फोटो सुलटा आहे ना, हे न वाचता कसं ओळखायचं

चाचांनी मला पहिल्या दिवशी अक्षर शिकवलं नाही, कागद सुलटा धरायला शिकवलं. परिच्छेदाची कड बघायची. या लिपीत ओळी उजव्या कडेला एका रेषेत येतात, आणि परिच्छेदाची शेवटची ओळ छोटी असली तर मोकळी जागा डावीकडे राहते. यादी असेल तर आकडे किंवा ठिपके उजव्या बाजूला. तुमच्या फोटोत मोकळी जागा उजवीकडे दिसत असेल तर फोटो आरशातला असण्याची शक्यता दाट. बोर्डावर मजकूर मधोमध असतो, तिथे ही खूण चालत नाही.

दुसरी खूण विरामचिन्हांची. उर्दूचा पूर्णविराम म्हणजे छोटी आडवी रेघ, ती ओळीच्या डाव्या टोकाला येते. प्रश्नचिन्हाचं पोट आपल्या प्रश्नचिन्हाच्या उलट्या बाजूला असतं, असं ؟.

तिसरी खूण फक्त अरबीसाठी, पण एकदम खात्रीची. अरबीत बरेच शब्द "अल्"ने सुरू होतात, तो शब्दाच्या उजव्या टोकाला दोन उभ्या काठ्यांसारखा दिसतो, आणि बऱ्याच शब्दांच्या शेवटी वर दोन ठिपके असलेला एक गोल येतो. हे बघा:

```
ال   शब्दाच्या सुरुवातीला, म्हणजे उजवीकडे
ة    फक्त शब्दाच्या शेवटी, म्हणजे डावीकडे
```

तो दोन ठिपक्यांचा गोल शब्दाच्या सुरुवातीला कधीच येत नाही. म्हणजे फोटोत तो शब्दांच्या उजव्या टोकाला दिसायला लागला तर एक तर फोटो उलटा आहे किंवा बोर्ड बनवणाऱ्यानेच घोळ घातलाय. हा दुसरा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त दिसतो. अरबी न येणारा माणूस जुन्या किंवा चुकीच्या सेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर चिकटवतो, आणि अक्षरं सुटी होऊन डावीकडून उजवीकडे मांडली जातात. अरबीत बहुतेक अक्षरं डावीकडच्या पुढच्या अक्षराला हात देतात, फक्त अलिफ, दाल, रे, वाव असली मोजकी अक्षरं देत नाहीत. म्हणून अख्ख्या शब्दात एकही अक्षर दुसऱ्याला जोडलेलं नसेल, सगळी दातांसारखी सुटी उभी असतील, तर तो फोटो कितीही स्वच्छ असो, अनुवादाला देऊन उपयोग नाही, आधी अक्षरं सुलटी करावी लागतात. गोंदवून घेतलेल्या अरबीत ही चूक बघून मला नेहमी त्या माणसाची दया येते, आता ती पुसणार कशी.

तुकड्यांना नंबर द्या, उजवीकडून

आता लांबून काढलेला फोटो घ्या आणि फोनच्या एडिटरमध्ये बोटाने मजकुराच्या प्रत्येक तुकड्यावर नंबर टाका. वरची ओळ आधी, पण एकाच उंचीवर दोन-तीन तुकडे असतील तर उजवीकडचा एक नंबर. हसू येईल असं बाळबोध काम आहे, पण बहुतेक चुका इथेच होतात.

आखातातल्या नोटिसा बरेचदा दोन भाषांत असतात, उजव्या अर्ध्यात अरबी, डाव्या अर्ध्यात इंग्रजी. यंत्राने मधली जागा ओळखली नाही तर ते दोन्ही अर्ध्यांची पहिली ओळ एक वाक्य समजून वाचतं, मग दोन्हींची दुसरी ओळ, आणि अनुवादात अर्धं इंग्रजी अर्धं अरबी अशी भेळ होते. यावर एकच उपाय, प्रत्येक अर्धा वेगळा क्रॉप करा आणि वेगळा द्या. इंग्रजी अर्धा असेल तर अरबी कशाला वाचायचं, असं वाटेल, पण कधीकधी इंग्रजीत दोनच ओळी असतात आणि अरबीत पाच, त्या जास्तीच्या तीन ओळीत दंडाची रक्कम असते.

टेबल म्हणजे तक्त्याचंही तेच. पहिला रकाना उजवीकडे. दवाखान्याच्या कागदावर औषधाचं नाव उजव्या टोकाला, मग डावीकडे सरकत सकाळ, दुपार, रात्र असे रकाने असू शकतात. अनुवाद झालेला तक्ता मराठीत बघताना आपण डावीकडून सुरू करतो आणि रात्रीचा डोस सकाळचा समजून बसतो. इथे रकान्याच्या डोक्यावरचा शब्द वेगळा क्रॉप करून अनुवाद करा आणि मगच खालचा आकडा वाचा, आणि औषध आहे म्हटल्यावर तिथल्याच फार्मसीवाल्याला बोट ठेवून विचारा, तो रोज हजार लोकांना सांगतो.

चित्रांच्या पायऱ्या असतील तर अजून सावध. समजा जुलाबावरच्या क्षारसंजीवनीच्या पाकिटावर तीन चित्रं आहेत. उजवीकडे पातेलं उकळतंय, मध्ये पाणी थंड होतंय, डावीकडे पूड टाकतायत. कॅमेऱ्यातला लाईव्ह अनुवाद काय करतो, प्रत्येक चित्राखालचे शब्द तिथल्या तिथे मराठी करून चिकटवतो, चित्रं जागची हलवत नाही. म्हणजे प्रत्येक तुकडा मराठीत, डावीकडून वाचायचा, पण तुकड्यांची रांग अजून अरबीच, उजवीकडून. आपण डावीकडून वाचलं की झालं: पूड टाका, थंड करा, उकळा. आणि पूड टाकलेलं द्रावण उकळायचं नसतं. अ‍ॅपच्या अनुवादात एकही शब्द चुकलेला नाही तरी कृती उलटी. लाईव्ह अनुवाद बोर्ड चाळायला छान आहे, पण जिथे क्रमाला महत्त्व आहे तिथे मी मजकूर बाहेर काढल्याशिवाय विश्वास ठेवत नाही.

मजकूर बाहेर काढा आणि उभा लावा

फोटोतून कॉपी केलेला मजकूर नोट्समध्ये चिकटवला की पहिल्यांदा सगळ्यांचा गोंधळ होतो, कारण स्क्रीनवर जे दिसतं आणि आत जे साठवलेलं असतं ते वेगळं असू शकतं. कॉम्प्युटर अरबी-उर्दू मजकूर बोलण्याच्या क्रमाने साठवतो, पहिला शब्द पहिला. दाखवताना मात्र युनिकोडचे दोन दिशांचे नियम लावून तो उजवीकडून मांडतो. ओळीत मधेच इंग्रजी नाव किंवा आकडा आला, आणि परिच्छेदाची दिशा डावीकडून अशी राहिली असली, की तुकडे स्क्रीनवर इकडेतिकडे उड्या मारतात. अशा वेळी लोक कट-पेस्ट करून ओळ "नीट" करायला जातात आणि आत जे बरोबर साठवलेलं असतं ते खरंच बिघडवतात. हे मी स्वतः दुकानात केलंय, एका लग्नपत्रिकेत, नवऱ्याच्या आणि त्याच्या वडिलांच्या नावाची अदलाबदल झाली आणि छापून आल्यावर कळलं. चाचा काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून टेबलावर ठेवला.

तर डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. मजकूर उभा लावायचा. एका ओळीवर एकच शब्द आला की डावं-उजवं हा प्रश्नच राहत नाही, वरून खाली जो क्रम दिसेल तो खरा. फोनवर प्रत्येक शब्दानंतर एंटर दाबा, कंटाळवाणं आहे पण होतं. कॉम्प्युटरवर पायथॉन असेल तर:

```python
s = "احمد نے رشید کو روپے دیے"
for w in s.split():
    print(w)
```

आता हेच वाक्य धरून बघू. उर्दू आहे, मोठ्याने वाचलं तर "अहमद ने रशीद को रुपये दिए". अहमदने रशीदला रुपये दिले. उभं लावलं की वरून खाली अहमद, ने, रशीद, को, रुपये, दिए असं यायला हवं.

काही साधी साधनं फोटोतली ओळ डावीकडून उचलतात. प्रत्येक शब्द बरोबर ओळखलेला, पण रांग उलटी. मग वरून खाली असं येतं: दिए, रुपये, को, रशीद, ने, अहमद. मोठ्याने वाचून बघा. "दिए रुपये को रशीद ने अहमद". आता "ने" कुणाच्या मागे आहे? रशीदच्या. अनुवाद करणारं यंत्र असलं वाक्य फेकून देत नाही, ते त्यातल्या त्यात शहाणपणा दाखवतं, "रशीद ने" दिसलं म्हणजे देणारा रशीद, उरलेला अहमद म्हणजे घेणारा, आणि स्वच्छ मराठीत सांगतं: रशीदने अहमदला रुपये दिले. पैसे देणारा आणि घेणारा बदलले. पावतीवर हे झालं तर काय होईल ते सांगायला नको.

हे आपल्याला पटकन लक्षात का येत नाही, तर मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटलेला असतो. "अहमदने रशीदला रुपये दिले" याचे शब्द कसेही उलटेपालटे करा, "दिले रुपये रशीदला अहमदने", देणारा अहमदच राहतो, "ने" त्याच्या अंगाला शिवलेला आहे. उर्दूत "ने" आणि "को" हे सुटे शब्द आहेत, मागच्या नावाचे. रांग उलटली की ते शेजारच्या नावाला जाऊन बसतात. म्हणून उर्दू फोटोचा अनुवाद तपासताना मी बाकी काही बघायच्या आधी "ने", "को", "से", "का" यांच्या आधीचा शब्द कुठला आहे तो बघते. वाक्य "ने" किंवा "को" यानेच सुरू होत असेल तर क्रम बिघडलाय हे नक्की, कारण मागे नाव असल्याशिवाय ते येतच नाहीत. नस्तालीकची एक ओळ यंत्राने दोन तुकड्यांत तोडली आणि तुकडे उलटे लावले की नेमकं हेच दिसतं, "को रुपये दिए" असा बुडखा नसलेला तुकडा वर आलेला असतो.

एक अडचण सांगून ठेवते. उर्दू टाईप करताना शब्दांमधली जागा नेहमी सोडली जातेच असं नाही, अक्षर आपोआप तुटत असेल तर जागा न सोडताही शब्द वेगळा दिसतो, त्यामुळे उभं लावताना कधी दोन शब्द एका ओळीवर चिकटून येतील, कधी एकाचे दोन होतील. त्याने क्रम कळायला अडत नाही.

रांग उलटी आहे हे पटलं तर सुलटी करायची, पण आधी एक गोष्ट ठरवा की फक्त शब्द उलटे आहेत की शब्दातली अक्षरंसुद्धा. प्रत्येक शब्द सुटा सुटा अनुवादाला देऊन बघा. शब्दांचे अर्थ बरोबर लागत असतील तर पहिली ओळ वापरा, एकही लागत नसेल, किंवा तो दोन ठिपक्यांचा गोल शब्दांच्या सुरुवातीला दिसत असेल तर दुसरी:

```python
print(" ".join(reversed(s.split())))   # फक्त शब्द उलटे असतील तर
print(s[::-1])                         # अक्षरंही उलटी असतील तर
```

दुसऱ्या ओळीने आकडेसुद्धा उलटतात, १२० चे ०२१ होतात, तेव्हा आकडे मूळ फोटोवरून हाताने परत टाका. आणि हे एका वेळी एकाच ओळीवर चालवा. अख्खा परिच्छेद दिला तर शेवटची ओळ पहिली येऊन बसेल.

अरबीत उलटा क्रम जास्त फसवतो

उर्दूचं वाक्य आपल्यासारखंच चालतं, कर्ता आधी, क्रियापद शेवटी, म्हणून उलटं झालं की कानाला खटकतं तरी. अरबीत तसं नाही. तिथे क्रियापदाने वाक्य सुरू होणं अगदी नेहमीचं, मग कर्ता, मग कर्म. त्यामुळे उलटी रांग कधीकधी मराठीच्या चालीची वाटते आणि आपण फसतो.

अरबी व्याकरणात शिकवायचं एक जुनं उदाहरण आहे, "दरब मूसा ईसा". दरब म्हणजे मारलं. अरबीत कर्ता-कर्म एरवी शब्दाच्या शेवटच्या स्वरावरून कळतात, पण मूसा आणि ईसा या नावांच्या शेवटी तो स्वर दिसूच शकत नाही, म्हणून नियम असा की जो आधी आला तो मारणारा. मूसाने ईसाला मारलं. दोन नावांची जागा बदलली की ईसाने मूसाला मारलं, आणि वाक्य तितकंच शुद्ध. हे व्याकरणातलं टोकाचं उदाहरण वाटेल, पण रोजच्या छपाईत ते शेवटचे स्वर लिहितच नाहीत, त्यामुळे बोर्डावर, नोटिशीवर जवळजवळ प्रत्येक वाक्य क्रमावरच उभं असतं.

दुसरं, "चा-ची-चे"चं. अरबीत "बाब अल्-मस्जिद" म्हणजे दार मशिदीचं, आधी वस्तू मग मालक, आपल्या उलट. उलटं वाचलं तर "अल्-मस्जिद बाब", आणि अरबीत "आहे" हा शब्द लागत नाही, त्यामुळे याचा अर्थ होतो, मशीद हे एक दार आहे. तुमच्या अनुवादात असं काही अमक्या गोष्टीला तमकी गोष्ट ठरवणारं विचित्र वाक्य आलं, "शाळा मुख्याध्यापक आहे" छापाचं, तर शब्दकोश उघडू नका, क्रम तपासा. "शाळेचा मुख्याध्यापक" असणार ते.

दोन शब्दांचे बोर्ड मात्र उलटे वाचूनही निभावतात. धूम्रपान मनाई, प्रवेश बंद, यात काय उलटं आणि काय सुलटं. म्हणूनच लोकांचा अ‍ॅपवर विश्वास बसतो, दहा बोर्ड बरोबर निघतात आणि अकरावा भाडेकरार असतो.

आकडे

आता परत त्या ८ ते २ कडे. इथे खरी मेख अशी आहे की आकडा स्वतः डावीकडून उजवीकडेच असतो. १२० लिहिताना अरबीतही शेकडा डावीकडे आणि एकक उजवीकडे. म्हणजे ओळ उजवीकडून येत असते, मधे आकडा आला की तेवढ्यापुरतं डावीकडून, मग परत उजवीकडून. पण दोन आकड्यांच्या मधे रेघ असेल तर ते दोन वेगळे आकडे, आणि त्यांची रांग ओळीप्रमाणे, उजवीकडचा पहिला. वेळेतलं विसर्गचिन्ह हा अपवाद, ८:३० हा एकच आकडा धरतात, तो डावीकडूनच. नोटिशीत रेघेऐवजी "मिन" म्हणजे पासून आणि "इला" म्हणजे पर्यंत हे शब्द असतील तर तुमचं नशीब, तिथे चुकायला जागा नाही. नुसती रेघ असेल तर शेजारी सकाळ-संध्याकाळचा शब्द कुठल्या आकड्याला लागलाय ते बघा. मामेभावाच्या नोटिशीत तो नव्हता, म्हणून मी आजूबाजूचा अरबी मजकूर उजवीकडून आहे एवढ्यावरच ८ पहिला धरला.

तारखेत वर्ष डाव्या टोकाला दिसलं, २०२४/५/१२ असं, तर आपल्याला वाटतं वर्ष-महिना-दिवस असा सरकारी थाट आहे. अरबी कागदावर, विशेषतः हाताने लिहिलेलं असेल तर, तो माणूस उजवीकडून लिहितोय, आधी दिवस १२, मग महिना ५, मग वर्ष. इथे योगायोगाने दोन्हीकडून वाचलं तरी १२ मेच निघते. पण कागदावर वर्ष उजव्या टोकाला असेल तर मात्र दिवस कुठला आणि महिना कुठला हे कागदावरची दुसरी एखादी तारीख, जिच्यात १२ पेक्षा मोठा आकडा आहे, ती शोधून ठरवा.

फोन नंबर फोटोत बहुतेक बरोबर छापलेला असतो पण कॉपी करून उर्दू-अरबी ओळीत चिकटवला की मोकळ्या जागांपाशी तुटून त्याचे गट उलटे दिसतात. अमिराती आणि सौदीचे मोबाइल नंबर ०५ ने सुरू होतात. ०५ चा गट शेवटी गेलेला दिसला की समजा, आणि नंबर वेगळ्या ओळीवर एकटा ठेवा.

आणि अंकांचे आकार. आपल्या मराठी डोळ्यांना यात खास खड्डे आहेत. कुवेत, सौदी, इजिप्त इथे हे अंक भरपूर दिसतात, मोरोक्को-ट्युनिशियाकडे इंग्रजी अंकच वापरतात:

```
अरबी   ٠ ١ ٢ ٣ ٤ ٥ ٦ ٧ ٨ ٩
मराठी  ० १ २ ३ ४ ५ ६ ७ ८ ९
```

गोल दिसला की आपण शून्य म्हणतो, तो पाच आहे. शून्य म्हणजे नुसता ठिपका. इंग्रजी सातासारखा दिसतो तो सहा. आणि त्यांचा नऊ थेट आपल्या एकासारखा वळलेला. म्हणजे गोल आणि ठिपका असं दिसलं तर ते पन्नास, मामेभाऊ त्याला कितीतरी दिवस "शून्य टिंब" म्हणायचा. उर्दूत चार, पाच, सहा आणि सात यांचे आकार अजून थोडे वेगळे असतात, पाच तर उलट्या बदामासारखा, पण भारतातल्या उर्दू छपाईत इंग्रजी अंकही सर्रास चालतात.

जिथे हे सगळं लागू पडत नाही

सजावटीचं लिखाण. दर्ग्याच्या दारावरची, मशिदीच्या कमानीवरची, किल्ल्यातल्या शिलालेखावरची अक्षरं एकावर एक रचलेली असतात, आणि अशा रचनेत वाक्य पुष्कळदा खालून सुरू होऊन वर चढत जातं. उजवीकडून हे खरं, पण वरून खाली हे खरं नाही. तिथे कॅमेरा जे सांगेल ते निव्वळ अंदाज, जाणकाराला फोटो दाखवणं बरं.

गझल छापतात तेव्हा शेराच्या दोन ओळी कधी एकाखाली एक असतात, कधी शेजारी शेजारी. शेजारी असतील तर उजवी आधी. उलटं वाचलं तर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर, सगळी मजा गेली. एकदा एका लग्नपत्रिकेसाठी कुणीतरी स्टेटसवरून शेराचा फोटो आणला होता, मी डावीकडची ओळ आधी टाईप केली. चाचांनी वाचलं, म्हणाले, "बेटा, दुल्हन को विदा पहले कर दिया, निकाह बाद में." आणि उजव्या ओळीवर पेन्सिलीने एक लिहून कागद माझ्याकडे सरकवला.